लाखाच्या वर खर्च केला तरी कार्डाची फी कापली, काहून?

2023 च्या ऑगस्टमध्ये माझा मावसभाऊ मोबाईल हातात घेऊन घरी आला, चेहरा असा की सोयाबीनवर रात्रीतून अळी पडली असावी. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये 1180 रुपये जास्तीचे आले होते. "दादा, कार्ड देणाऱ्या पोरानं सांगतलं होतं लाख रुपये वापरले की फी माफ. म्या तं लाखाच्या वर वापरले, मंग हे काहून कापले?"

तो खोटं बोलत नव्हता. वर्षभराची स्टेटमेंटं काढून आम्ही बेरीज केली तर आकडा 1,18,500 निघाला. आणि बँकही चूक नव्हती, हे समजायला आम्हाला पूर्ण दुपार लागली, दोन वेळा चहा झाला. त्या दुपारचा हिशेब इथं लिहून ठेवतो, कारण आमच्या दारव्हा तालुक्यात आता बऱ्याच पोरांकडं कार्ड आलं आहे आणि जवळपास सगळ्यांचा गोंधळ याच एका जागी होतो.

आधी ती फी. कार्डाला वर्षाची फी असते, कोणाची 499, कोणाची 999 किंवा 1000, भारी कार्डांची कितीतरी जास्त. तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून 1000 ची फी 1180 ला पडते. देतानी सांगतात की पहिल्या वर्षी फुकट आणि पुढं अमुक इतका खर्च केला की माफ. यात सांगणारा एक गोष्ट गिळून टाकतो, ती म्हणजे माफी मिळते येणाऱ्या वर्षाच्या फीची, आणि खर्च मोजला जातो मागच्या वर्षाचा. म्हणजे पहिलं वर्ष फुकट आहे म्हणून कार्ड कपाटात ठेवून दिलं तर दुसऱ्या वर्षाची फी लागणारच. फुकटचं वर्ष हे तुमच्या मोजणीचंच वर्ष असतं.

आता वर्ष कोणतं? आपल्या डोक्यात एक तर जानेवारी ते डिसेंबर असतं नाहीतर एप्रिल ते मार्च. पीककर्जामुळं आपल्याला 31 मार्च पाठच असतो. कार्डाला या दोन्हीशी घेणंदेणं नाही. कार्डाचं वर्ष चालू होतं कार्ड ज्या दिवशी बँकेनं तयार केलं, म्हणजे खातं उघडलं त्या दिवसापासून. भावाचं कार्ड 18 जुलै 2022 चं, तर त्याचं वर्ष 18 जुलै 2022 ते 17 जुलै 2023. कार्ड पोस्टानं गावात पोचायला आठ-दहा दिवस लागले, त्यानं चालू केलं ऑगस्टमध्ये, पहिल्यांदा घासलं पोळ्याच्या खरेदीला, म्हणून तो पोळा ते पोळा असं वर्ष धरून बसला होता. कार्डावर छापलेला महिना पाहूनही पक्का दिवस कळत नाही, तिथं फक्त महिना-वर्ष असतं. पक्की तारीख ॲपमध्ये दिसली तर बरं, नाहीतर कस्टमर केअरला फोन लावून सरळ विचारायची.

आता मुख्य कोडं, ते 1,18,500 गेले कुठं. आम्ही वहीत असे गट पाडले. पेट्रोल, महिन्याला साधारण दोन हजार, वर्षाचे 24,000. मोबाईलच्या वॉलेटमध्ये टाकलेले 6,000. कृषी केंद्रात मशीनवर कार्ड घासून घेतलेलं बियाणं, खत, फवारणीचं औषध मिळून 31,500. किराणा, कपडा, मेडिकल 27,000. ऑनलाईन मागवलेल्या वस्तू 20,500. लाईट बिल आणि रिचार्ज 9,500. मांडून पाहिलं तर बरोबर 1,18,500 होतात.

मग कार्डाच्या अटी उघडल्या. त्या इंग्रजीत असतात, अक्षर मुंगीएवढं, पण त्यात फी माफीचा परिच्छेद शोधायचा आणि त्यातली "हे धरणार नाही" वाली ओळ वाचायची, बाकी सगळं सोडलं तरी चालते. याच्या कार्डात लिहिलं होतं की पेट्रोल-डिझेल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, एटीएममधून काढलेली कॅश, ईएमआय आणि बँकेचे स्वतःचे चार्जेस हे माफीच्या हिशेबात धरणार नाही. म्हणजे 24,000 आणि 6,000, तीस हजार सरळ उडाले. राहिले 88,500.

दिवाळीत वहिनीसाठी ऑनलाईन मागवलेल्या साड्या पसंत पडल्या नाहीत म्हणून 4,000 ची ऑर्डर परत केली होती. पैसे परत आले की बँक तेवढी रक्कम खर्चातून वजा करते, ते बरोबरच आहे म्हणा, पण आपण स्टेटमेंटवर खरेदीच्या ओळी मिळवत जातो आणि खाली क्रेडिटची ओळ आहे हे पाहत नाही. आता 84,500.

शेवटचा मार तर अजून बारीक निघाला. 17 जुलैला संध्याकाळी कृषी केंद्रात 3,200 चं तणनाशक घेतलं होतं, मेसेज त्याच मिनिटाला आला. पण मेसेज येणं म्हणजे फक्त मंजुरी. दुकानदार दिवसाचा मशीनचा हिशेब बँकेकडं पाठवतो, मग तो व्यवहार कार्डाच्या खात्यात पक्का चढतो, त्याला एक-दोन दिवस, सुट्टी आली की जास्तही लागतात. हा चढला 19 ला. भावाच्या कार्डात पक्क्या चढलेल्या तारखेनं मोजणी होती, त्यामुळं ते 3,200 पुढच्या वर्षात गेले. राहिले 81,300. लाखाला 18,700 कमी. आणि भाऊ वर्षभर समजत होता की आपण लाखाच्या पार आहो.

सगळ्या कार्डांची यादी सारखी नसते हे इथंच सांगतो, कारण बरेच जण एकाच्या अटी दुसऱ्याच्या कार्डाला लावतात. पेट्रोल, वॉलेट, घरभाडं, कॅश हे बहुतेक ठिकाणी वगळलेलं सापडते. सरकारी भरणा, विमा, शाळा-कॉलेजची फी, लाईट बिल यांचं मात्र कार्डागणिक वेगळं. भावाच्या कार्डात लाईट बिल धरलं गेलं, माझ्या कार्डात ते धरत नाही. आणि या याद्या बदलत राहतात, एकदा वाचून कायमचं पाठ करण्यासारखं ते नाही. फी किंवा अटी बदलायच्या असतील तर बँकेनं किमान एक महिना आधी कळवलं पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण कळवणं म्हणजे एक ईमेल, जो आपण जाहिरात समजून न उघडताच पुसून टाकतो.

बँकेला कसं कळते की तुम्ही पेट्रोल भरलं का बियाणं घेतलं? बिलावर काय लिहिलं ते तिला दिसत नाही. दुकानदाराला मशीन देतानी त्याच्या धंद्याचा चार आकडी कोड लावलेला असतो, पेट्रोल पंपाचा 5541, किराणा-सुपरमार्केटचा 5411, असं. बँक फक्त तो कोड पाहते. याचा गावात वेगळाच परिणाम होतो. समजा एकाच मालकाचा पंप आहे आणि बाजूलाच कृषी केंद्र आहे, कृषी केंद्राचं मशीन बंद पडलं म्हणून पोरानं पंपावरचं मशीन आणून तुमचं कार्ड घासलं, तर तुमचं आठ हजाराचं खत बँकेच्या लेखी पेट्रोल झालं. तसंच एखाद्यानं मशीन घेतलं तेव्हा धंदा वेगळा होता, आता दुकान वेगळं आहे, पण कोड तोच जुना. तुम्हाला कोड दिसत नाही, पण स्टेटमेंटवर दुकानाचं नाव दिसते, ते भलतंच असलं की शंका घ्यायची. बऱ्याच ॲपमध्ये प्रत्येक खर्चापुढं बँकेनं लावलेला प्रकारही दिसतो, खतापुढं पंपाचं चित्र दिसलं तर समजून जायचं.

रुपे कार्ड युपीआयला जोडून क्यूआरवर पैसे देणारे वाढून राहिले, त्यांनी हे वेगळं विचारून घ्यावं की युपीआयचा खर्च माफीत धरतात का. काही धरतात, काही नाही. आणि हे दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवरच चालते, ज्यानं स्वतःच्या साध्या खात्याचा क्यूआर चिकटवला आहे तिथं क्रेडिट कार्ड चालतच नाही.

पहिल्या वर्षी 1180 भरले भावानं. दुसऱ्या वर्षी मात्र आम्ही वही घातली. वही म्हणजे खरोखरची वही, दुधाच्या हिशेबाची उरलेली. दर महिन्याला स्टेटमेंट आलं की एक ओळ: एकूण खरेदी किती, त्यातून न धरलेले किती, परत आलेले किती, उरले किती, आणि आतापर्यंतची बेरीज. महिन्याला दहा मिनिटं लागतात. मेसेजवरून लिहायचं नाही, स्टेटमेंटवरूनच लिहायचं, कारण स्टेटमेंटमध्ये पक्के चढलेलेच व्यवहार असतात आणि तारखेचा घोळ आपोआप मिटतो. काही बँकांच्या ॲपमध्ये माफीसाठी किती खर्च झाला याची पट्टी दिसते, ती असेल तर तिच्याशी वही जुळवायची. फरक आला तर बहुतेक वेळा आपणच काहीतरी जास्तीचं धरलेलं असते.

भावाचं स्टेटमेंट 5 तारखेला येते आणि वर्ष 17 जुलैला संपते. म्हणजे 5 जुलैचं स्टेटमेंट आल्यावर हाती फक्त बारा दिवस. तेव्हा जागं होऊन काय करणार? म्हणून आम्ही खरी तपासणी ठेवली दीड महिना आधी, मे संपताना. त्या दिवशी ॲपमधले न छापलेले खर्चही मोजले. 31 मे 2024 ला बेरीज होती 71,400. कमी होते 28,600.

इथं त्यानं कस्टमर केअरला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, मी बाजूला वही घेऊन. तीनच प्रश्न विचारायचे असं ठरवलं होतं: माझं कार्डाचं वर्ष कोणत्या तारखेला संपते, फी माफीसाठी आतापर्यंत माझा किती खर्च धरला आहे, आणि मोजणी खरेदीच्या तारखेनं होते का खात्यात चढलेल्या तारखेनं. पहिल्यांदा त्या पोरीनं वर्षाचा एकूण खर्चच वाचून दाखवला, तो नव्वद हजाराच्या वर होता, भाऊ खुश झाला. मी म्हटलं विचार, यातला माफीला धरलेला किती? मग होल्डवर ठेवलं आणि आकडा आला 71,400 च्या जवळचाच. एकूण खर्च आणि धरलेला खर्च, हा शब्दाचा फरक फोनवर लावून धरायचा, नाहीतर खोटं समाधान मिळते. फोन झाल्यावर तेच प्रश्न ईमेलनं पाठवले, लेखी उत्तर हाती असलेलं बरं.

आता 28,600 कुठून आणायचे? खर्च वाढवायचा नाही हे आम्ही पहिलेच ठरवलं. 1180 वाचवायला पाच हजाराची नको ती वस्तू घेणं म्हणजे उंदीर मारायला गोठा जाळण्यातला प्रकार. पण आमच्याकडं जून हा महिनाच असा आहे की खर्च होणारच होता. कपाशी-सोयाबीनचं बियाणं, डीएपी, युरिया, सगळं मृग लागला की घ्यावंच लागते. दरवर्षी तो हे निम्मं उधारीत आणि निम्मं नगदी घेत होता. यावेळी 24,000 चा माल कार्डावर घ्यायचं ठरलं.

यात दोन खड्डे आहेत. एक म्हणजे दुकानदार म्हणतो, कार्ड घासलं तर दोन टक्के जास्त. 24,000 वर दोन टक्के म्हणजे 480. वाचणार आहेत 1180, त्यातले 480 इथंच गेले, तरी 700 उरतात. पण खर्च पन्नास हजाराचा असता तर दोन टक्क्यात 1000 गेले असते, मग त्यापेक्षा फी भरलेली काय वाईट? भावानं दोन दुकानं फिरून जास्तीचे न घेणारं सापडवलं.

दुसरा खड्डा खोल आहे. खत जूनमध्ये घेतलं, पण सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापसाचा त्याच्याही मागून. कार्डाचं बिल मात्र जुलैतच भरायचं. तेव्हा पूर्ण बिल भरायला पैसा हातात नसेल तर व्याज लागते, महिन्याला साडेतीन टक्क्याच्या आसपास. 24,000 वर एका महिन्याचं 840, त्या व्याजावर परत 18 टक्के जीएसटी म्हणजे 151, झाले 991. एकाच महिन्यात फीएवढं गेलं, आणि पीक यायला तर अजून तीन महिने. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरली की झालं असं ज्याला वाटते त्यानं हा हिशेब दोनदा वाचावा, मिनिमम भरून लेट फी वाचते, व्याज नाही. भावाच्या खात्यात पीककर्जाचे पैसे आलेले होते, ज्यातून तो एरवी नगदी देत होता तेच त्यानं बाजूला ठेवून बिलात भरले, म्हणून हे जमलं. ते नसते तर मी त्याला म्हटलं असतं, भर मुकाट्यानं 1180.

बारा-तेरा जूनच्या सुमारास बियाणं-खत झालं, बेरीज 95,400. आमच्याकडं उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा पोरांची वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तरं 5,800. झाले 1,01,200. लाख पार झाले म्हणून तो थांबत होता, मी थांबू दिलं नाही. एखादी वस्तू परत गेली, एखाद्या दुकानाचा कोड भलता निघाला, तर हजार-बाराशेची आघाडी पुरत नाही. जुलैचा किराणा 2,200 चा तसाही घ्यायचाच होता, तो 8 जुलैला घेतला, 1,03,400. आणि 10 तारखेनंतरचं काहीही हिशेबात धरायचं नाही असं ठरवून टाकलं, चढायला उशीर झाला तर पंचाईत नको.

ऑगस्टच्या स्टेटमेंटवर तरी RENEWAL FEE म्हणून 1000 आणि खाली जीएसटीचे 180 आलेच. भाऊ परत लाल. पण बऱ्याच बँकांची पद्धतच अशी असते, आधी फी लावायची आणि पात्र असाल तर पुढच्या एक-दोन स्टेटमेंटमध्ये परत करायची, काही बँका मात्र लावतच नाहीत. अशावेळी "माफच होणार आहे ना" म्हणून तेवढे पैसे कापून बिल भरायचं नाही. बँकेच्या लेखी ती बाकी आहे, तिच्यावर व्याज चढू शकते आणि थकबाकी म्हणून नोंद गेली तर पुढं ट्रॅक्टरचं कर्ज मागताना ती दिसते. पूर्ण भरा, परत आले की तेवढं पुढचं बिल कमी होते. परत येताना 1000 आले आणि 180 राहिले असं झालं का तेही पाहायचं. याचे दोन्ही आले, वेगवेगळ्या ओळीत.

आणि माफी हुकलीच तर? फी लागल्यावर लगेच फोन करून फी माफ होत असेल तर कार्ड ठेवतो नाहीतर बंद करतो असं सांगून पाहावं. कधी पूर्ण माफ होते, कधी आणखी अमुक रुपये इतक्या दिवसांत खर्च करा म्हणतात, कधी काहीच नाही, तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे, हक्क नाही. बंद करायचंच असेल तर बाकी सगळी भरून लेखी अर्ज द्यायचा, त्यानंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम. नुसतं कार्ड कात्रीनं कापून फेकलं म्हणून ते बंद होत नाही, फी लागू शकते. अटी पूर्ण होऊनही फी परत आली नाही तर आधी बँकेकडं लेखी तक्रार करायची आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, तिथं पैसे लागत नाहीत. त्या वेळेला वहीपेक्षा ते ईमेलचं उत्तर जास्त कामी येते.

भावाची वही आता त्याच्या बायकोच्या ताब्यात आहे. परवा गेलो तर तिनं पेट्रोलचे आकडे लाल पेननं गोल केलेले, आणि त्यांच्यासमोर तिच्या अक्षरात लिहिलेलं, "हे नगदी द्या."